अक्रोड दिसतो मेंदूसारखा, पण

सुरुवात माझ्या मेहुण्याने केली. तो मासे खातो आणि मी खात नाही, एवढ्या एका कारणावरून तो माझ्याकडे कायम आजारी माणसाकडे बघावं तसा बघतो. एक दिवस म्हणाला, "भावोजी, तुमचं ओमेगा थ्री कुठून येणार हो?" आता हा प्रश्न मला त्याआधी चाळीस वर्षांत पडला नव्हता आणि पडला नव्हता तोपर्यंत माझं सगळं नीट चाललं होतं. पण मेहुण्यापुढे हार कोण मानणार. मी म्हटलं, अक्रोड आहे, जवस आहे, चिया आहे, मासाच कशाला पाहिजे! बायको आतून म्हणाली, "आता खा मग."

झालं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज वीस ग्रॅम जवस, बारा ग्रॅम चिया आणि सात अख्खे अक्रोड असा रतीब सुरू केला.

पहिला आठवडा जवस अख्खंच गिळत होतो, चमचाभर तोंडात टाकायचं आणि वर पाणी. कुणीतरी सांगायला हवं होतं की जवसाचं साल इतकं चिवट असतं की न चावता गिळलेला दाणा पोटाला दाद देत नाही, सगळा प्रवास करून तो जसा आत गेला तसाच चकाकत बाहेर येतो. सकाळी हे लक्षात आल्यावर मला फार अपमान झाल्यासारखं वाटलं. म्हणजे आठ दिवस मी जवसाची फक्त वाहतूक करत होतो.

मग दळायला घेतलं. आणि हुशारी म्हणून महिन्याचं एकदम मिक्सरमधून काढून डबा भरून ओट्याशेजारी ठेवला. पंधरा दिवसांनी डबा उघडला तर रंगाच्या दुकानासारखा वास! यात जवसाची काही चूक नाही बरं का. जवसाचं तेल म्हणजे तेच तेल जे ऑइल पेंटमध्ये घालतात आणि क्रिकेटच्या बॅटला चोळतात. त्यातल्या फॅटला हवेतल्या ऑक्सिजनची भारी ओढ, दाणा फुटला की लगेच मैत्री सुरू. म्हणून थोडं थोडं दळायचं, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवायचं आणि कडवट वास आला की सरळ फेकायचं. मी फेकलं नाही, चार दिवस खाल्लं, कारण विकत घेतलं होतं. त्या चार दिवसांबद्दल घरातले अजून बोलतात.

चियाचं वेगळंच. ते स्वतःच्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी पितं आणि वर चिकट होतं, म्हणून ते आधी भिजवून फुगू द्यायचं, कोरडं गिळून वर पाणी प्यायचं नाही, नाहीतर ते पोटाऐवजी घशातच फुगायला बसतं. हे मात्र मी आधीच वाचलं होतं. भिजवलेलं मी रोज नेमाने खाल्लं, चव काय म्हणाल तर चव नाहीच, फक्त बेडकाची अंडी गिळतोय असं वाटत राहतं. बाकी सिंक दोनदा तुंबलं ते सोडून द्या.

अक्रोडावर मात्र माझा जीव. म्हटलं बघा, हुबेहूब मेंदू, निसर्गाने लेबल लावून पाठवलाय.

सुरू करायच्या आधी एका डॉक्टर मित्राच्या सांगण्यावरून रक्ताची तपासणी करून घेतली होती. ओमेगा थ्री इंडेक्स म्हणतात तिला. लाल पेशींच्या आवरणात जेवढी फॅटी अ‍ॅसिड्स असतात त्यातली ईपीए आणि डीएचए मिळून किती टक्के, हा तो आकडा. माशाच्या तेलाचं कौतुक होतं ते या दोघांमुळेच. आठच्या वर असलं तर छान आणि चारच्या खाली म्हणजे कमी. माझं ३.८ आलं, त्यात ईपीए ०.५ आणि डीएचए ३.३. मित्र म्हणाला, चार महिन्यांनी परत कर, कारण लाल पेशी जगते साधारण १२० दिवस, जुन्या जाऊन नव्या आल्याशिवाय आकड्यात तुझं कर्तृत्व दिसणार नाही.

चार महिने मी कर्तृत्व केलं. वजन दीड किलोने वाढलं, कारण हा सगळा रतीब रोजच्या साडेतीनशे कॅलरीचा आणि तो मी जेवणाच्या ऐवजी नाही, जेवणावर खात होतो. रिपोर्ट आला ४.२. मी नाचायच्या बेतात होतो, तेवढ्यात मित्राने खालची ओळ दाखवली. ईपीए ०.५ वरून १.०, दुप्पट, शाबास. डीएचए ३.३ वरून ३.२.

म्हणजे कमी! सव्वादोन किलोच्या वर जवस खाऊन कमी! मित्र म्हणाला, ०.१ चा फरक काही खरा नसतो, जिथल्या तिथे आहे असं समज. जिथल्या तिथे हा शब्द ऐकून मला जास्तच लागलं.

तर झालं काय ते त्याने मला समजावलं, आणि मला ते शिंप्याच्या भाषेत समजलं म्हणून तसंच सांगतो. जवस, चिया, अक्रोड यांच्यात असतं ते एएलए. तेही ओमेगा थ्रीच, पण तो आखूड कपडा. १८ कार्बनची साखळी आणि तिला तीन ठिकाणी मुरड. ईपीए म्हणजे २० कार्बन आणि पाच मुरडी, डीएचए म्हणजे २२ कार्बन आणि सहा मुरडी. मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात ठासून भरलेलं असतं ते हे शेवटचं. आखूड कपड्याचा लांब कपडा करायचं दुकान आपल्या शरीरात आहे, मुख्यतः लिव्हरमध्ये. पण पहिली गोष्ट म्हणजे आलेला बराचसा माल दुकानापर्यंत पोचतच नाही, शरीर तो सरळ इंधन म्हणून जाळून टाकतं. जो पोचतो त्याला चौथी मुरड घालणारा कारागीर एकच, नाव डेल्टा-६ डिसॅच्युरेज, आणि तो भयंकर संथ. त्याने चौथी मुरड घातली की दुसरा दोन कार्बन जोडतो, तिसरा पाचवी मुरड घालतो आणि ईपीए तयार. इथवर काम निदान होतं तरी.

डीएचए करायची पद्धत मात्र ऐकून मी उठून उभाच राहिलो. ईपीएला दोन कार्बन जोडायचे, २२ झाले. हवेत किती, २२. मग थांबा ना! नाही. अजून दोन जोडून २४ करायचे, मग तो कपडा पुन्हा त्याच पहिल्या संथ कारागिराकडे सहाव्या मुरडीसाठी पाठवायचा, आणि मग पेशीतल्या वेगळ्याच खोलीत, पेरॉक्सिसोममध्ये, नेऊन वरचे दोन कापून टाकायचे की झाले २२. आधी वाढवायचं मग कापायचं, असा हिशेब मी फक्त घराच्या रिनोव्हेशनमध्ये पाहिला होता.

त्यात तो संथ कारागीर फक्त आपला नाही. ओमेगा सिक्स नावाचं जे मोठं खानदान आहे, सूर्यफूल, सोयाबीन, मका यांच्या तेलातलं, तेही त्याच्याचकडे शिवायला येतं, आणि येतं ते लोंढ्याने. आता माझ्या लाडक्या अक्रोडाचं बघा. १०० ग्रॅम अक्रोडात एएलए साधारण ९ ग्रॅम आणि ओमेगा सिक्सवालं लिनोलेइक अ‍ॅसिड ३८ ग्रॅम! एका पाहुण्याला बोलावलं आणि तो चार भांडखोर नातेवाईक घेऊन आला. जवसात बरोबर उलटं, एएलए २२-२३ आणि दुसरं सहाच्या आसपास, चियाचंही बरंचसं तसंच. आणि तो मेंदूसारखा दिसणारा अक्रोड, त्यात डीएचए किती? शून्य. एवढी फसवी पॅकिंग मी आजवर पाहिली नाही.

मग आम्ही कागदावर मांडलं. माझ्या रोजच्या रतिबात जवसातून साडेचार, चियातून दोन, अक्रोडातून अडीच, असं मिळून ९ ग्रॅम एएलए. पुरुषाला रोज १.६ ग्रॅम पुरतं म्हणतात, म्हणजे त्या बाबतीत मी श्रीमंत, आणि एएलए शरीराला स्वतः बनवता येत नाही त्यामुळे ते वाया गेलं असंही नाही. पण त्याचं ईपीए होतं ठोकळ मानाने शेकडा पाच, म्हणजे ४५० मिलिग्रॅम, आणि डीएचए बऱ्याच पुरुषांत एक टक्कासुद्धा नाही. अर्धा टक्का धरला तर ४५ मिलिग्रॅम. हाही आकडा उदार, कारण माल जास्त ओतला म्हणून कारागीर जास्त शिवत नाही, उलट टक्का घसरतो. मेहुणा १०० ग्रॅम तेलकट सामन मासा खातो त्यात डीएचए एक ग्रॅमच्या वर. म्हणजे माझे जवळजवळ पंचवीस दिवस, भिजवणं, दळणं, तुंबलेलं सिंक सगळं धरून, आणि त्याची एक प्लेट.

वर अजून एक. गंमत म्हणून बायकोनेही तपासणी केली होती. ती मासे खात नाही, जवसाला हात लावत नाही, माझ्या वाटीतले दोन अक्रोड येता जाता उचलते एवढंच. तिचं डीएचए ४.१. मित्र म्हणाला, बायकांच्या शरीरात हे रूपांतर जास्त होतं, इस्ट्रोजेनमुळे असावं, पुढे बाळाच्या मेंदूला लागतं म्हणून सोय असेल. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही असंही तो म्हणाला पण ते तिने ऐकलंच नाही. तेव्हापासून घरात काही विसरलो की ती नुसतं "तीन पॉइंट दोन" म्हणते.

मी मित्राला विचारलं, मग या माशाकडे असा कोणता शिंपी आहे? तर तो म्हणे, मासासुद्धा बहुतेक आयतंच खातो. समुद्रातलं बारीक शेवाळ, मायक्रोअल्गी, ते डीएचए बनवतं, ते बारके जीव खातात, त्यांना छोटे मासे, छोट्यांना मोठे, आणि मोठ्याला माझा मेहुणा. म्हणजे मुळात माल शाकाहारी! आणि त्या शेवाळाचं तेल कॅप्सूलमध्ये मिळतं, फक्त लेबलवर कॅप्सूलचं वजन बघायचं नाही, आत ईपीए आणि डीएचए किती मिलिग्रॅम ते वेगवेगळं वाचायचं. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं तर नाही ना तेही बघायचं, नाहीतर इतकी यातायात करून प्राणी खाल्लाच.

चार महिने मी ती घेतली, दोन्ही मिळून रोज ५०० मिलिग्रॅम. जवस चालू ठेवलं पण एकच चमचा, अक्रोड आवडतो म्हणून खातो, त्याच्याकडून अपेक्षा काही नाही. तिसरा रिपोर्ट ६.१ आला आणि त्यात डीएचए ४.९. मी रिपोर्ट हातात धरूनच बायकोपुढे जाऊन उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि आकडा सांगायच्या आधी ढेकर आला. शेवाळाच्या तेलाचा ढेकर हुबेहूब माशासारखा येतो, हे मला लेबलवर कुणी लिहून दिलं नव्हतं.

ती दोन पावलं मागे सरकली. म्हणाली, "खरं सांग, माझ्या भावाकडे जेवून आलास ना?"