वॉर्डरोबच्या हिशेबाबद्दल आलेल्या तक्रारीला आमचं उत्तर

तक्रार: "म्हापशाच्या आमच्या फ्लॅटसाठी वॉर्डरोबचा दर मेसेजवर १,४५० रुपये चौरस फूट सांगितला. सात बाय सहा, म्हणजे ६०,९०० रुपये. ३० हजार ॲडव्हान्स घेतला आणि मग ८४,६०६ चा हिशेब पुढे ठेवला. आता काम नको म्हटलं तर ॲडव्हान्सही परत देत नाहीत. जपून राहा."

नमस्कार. चूक आमची आहे. मेसेजमध्ये फक्त दर लिहिला, त्यात काय धरलं आहे ते लिहिलं नाही आणि तेवढ्यावरच पैसे घेतले. ॲडव्हान्सच्या पावतीवरही "वॉर्डरोबसाठी" एवढा एकच शब्द आहे.

फरक दोन गोष्टींचा आहे. माप घेताना वर छतापर्यंत लॉफ्ट करायचं तोंडी ठरलं. ते सहा बाय दोन, म्हणजे १२ चौरस फूट, ९०० च्या दराने १०,८०० रुपये. दोन्ही मिळून ७१,७०० झाले आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १२,९०६. लॉफ्टचा दर तुम्हाला आधी कळवला नव्हता आणि कर वेगळा लागेल हेही सांगितलं नव्हतं. त्यामुळे वॉर्डरोबचे ६०,९०० करासकटच धरतो, त्यातला कर आम्ही भरू. लॉफ्ट हवं असेल तर त्याचे करासह १२,७४४ वाढतील. म्हणजे एकूण ७३,६४४ आणि ॲडव्हान्स वजा जाता ४३,६४४ द्यायचे राहतील. लॉफ्ट नको असेल तर ३०,९००.

काम रद्दच करायचं असेल तर ॲडव्हान्सचं काय झालं ते पाहा. १८ मिलिमीटर प्लायच्या सात शीट आणल्या, प्रत्येकी ३,५०० रुपयांच्या. आठ बाय चारची एक शीट ३२ चौरस फुटांची. वॉर्डरोबच्या बाजू, मधली फळी, वरखालच्या फळ्या, चार कप्पे आणि दारं यांनाच सुमारे १३२ चौरस फूट लागतात, म्हणून कापण्यातली नासाडी धरून पाच शीट. त्या तुमच्या मापाने कापून झाल्या आहेत. कापलेली फळी दुकानदार परत घेत नाही आणि दुसऱ्याच्या भिंतीला ती क्वचितच बसते. लॉफ्टच्या दोन शीट अजून अखंड आहेत, त्या परत जातील. पाच शीटचे १७,५०० वजा करून १२,५०० तुम्हाला परत मिळतील. कापण्याची मजुरी आम्ही लावत नाही, आणि कापलेलं प्लाय हवं असेल तर ते तुमचंच आहे, घेऊन जा.

वाद खरा इथेच होतो. करवत चालेपर्यंत ॲडव्हान्स जवळजवळ पूर्ण परत देता येतो, चालल्यावर नाही. ही रेघ कुठे आहे ते गिऱ्हाइकाला पैसे देण्याआधी कागदावर दिसायला हवं. यापुढे आमच्या पावतीवर "कापणी सुरू होण्याची तारीख" असा रकाना असेल. त्या तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत रद्द केलं तर फक्त माल परत पाठवण्याचं भाडं कापू. नकाशावर तुमची सही झाल्याशिवाय कापणीची तारीख पडणार नाही.

कोटेशनही पूर्ण लिहून देऊ. चौरस फूट म्हणजे फक्त समोरची उंची गुणिले रुंदी, खोली दोन फुटांपर्यंत त्यातच; ड्रॉवर, आरसा आणि लॉफ्ट प्रत्येकी वेगळ्या ओळीत. प्लायसाठी "वॉटरप्रूफ" हा शब्द पुरेसा नाही, कारण तो कोणत्याही बोर्डाला लावला जातो. आयएस ७१० हे मरीन प्लायचं भारतीय मानक लिहू आणि माल आल्यावर शीटवरचा तो शिक्का तुम्हाला दाखवू. आयएस ३०३ मधलं साधं एमआर प्लाय स्वस्त पडतं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला लागलं की कडा फुगतात आणि लॅमिनेट सुटतं. दोन कोटेशनांच्या दरात मोठा फरक दिसला तर आधी हीच ओळ ताडून पाहावी. लॅमिनेटचा नंबर, बिजागऱ्या आणि चॅनल कोणते तेही त्यात येईल.

मापाचीही एक ओळ असेल. चिऱ्याच्या जुन्या भिंती सरळ नसतात. खाली सहा फूट भरलेली जागा वर इंचभर कमी निघते. म्हणून रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी घेऊन तिन्ही आकडे लिहायचे आणि काम सगळ्यात लहान मापाने करायचं. उरलेली फट पट्टीने झाकली जाईल हेही तिथेच नोंदवायचं, नाहीतर बसवायच्या दिवशी ती फट चूक वाटते.

पैसे तीन टप्प्यांत घेऊ: नकाशावर सही झाल्यावर ४० टक्के, कारखान्यात सांगाडा उभा राहून तुम्ही पाहिल्यावर ४० आणि घरी बसवून दारं नीट लागल्यावर २०. मध्येच काही वाढवायचं ठरलं तर त्याची रक्कम मेसेजवर लिहून पाठवू आणि तुमचं "चालेल" आल्यावरच हात लावू.

तिन्हींपैकी काय हवं ते ज्या नंबरवरून दर आला होता त्यावरच कळवा. तोपर्यंत लॉफ्टच्या दोन शीट कापणार नाही.