साडेसात हजारी गादी

चंद्रपूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी लग्नाला जायचं असेल तर नातेवाइकांच्या ओसरीवर अजिबात झोपू नका. लॉजवर उतरा. ज्ञान वाढतं. माझं गेल्या आठवड्यात बरंच वाढलं.

खोली घेताना 'टॅक्स धरून की सोडून' असं विचारू नका. कंजूस दिसतो माणूस.

आईला सोबत न्या आणि एक्स्ट्रा बेड अवश्य मागा. बेड म्हणजे फरशीवर टाकलेली गादी, कापूस सगळा पायथ्याला गोळा झालेला आणि मधोमध आधीच्या वऱ्हाडाच्या हळदीचा डाग. खोली २२००, गादी ६००, दिवसाचे २८००. तीन दिवसांचे झाले ८४००. त्यावर अठरा टक्के, म्हणजे १५१२ रुपये जीएसटी. मी आपला भाबडेपणाने विचारायला गेलो. मॅनेजर म्हणाला, "काका, बिल साडेसात हजाराच्या वर गेलं ना! मंग अठराच लागते."

अशा वेळी मान डोलवायची. साडेसात हजारांची रेघ एका खोलीच्या एका दिवसाच्या भाड्याला लागते, सगळ्या मुक्कामाच्या बेरजेला नाही, हे त्याला सांगायचं नाही. गादी धरूनही आमची खोली २८०० च्या पुढे जात नव्हती, म्हणजे पाच टक्के. ८४०० वर ४२०. बाकीचे १०९२ कशाचे? त्याच्या हिशेबाने महिनाभर राहणारा ५०० रुपयांच्या खोलीतला एसटीचा कंडक्टरसुद्धा पंचतारांकित ठरेल! २२ सप्टेंबर २०२५ पासून हा पाच टक्क्यांचा दर आहे. त्याआधी बारा होता. अठरा या खोलीला तेव्हाही नव्हता.

कपडे धुवायला टाका. दोन शर्ट, एक पँट, १८० रुपये. धुलाई वेगळी सेवा, तिला अठराच टक्के लागतात, ३२ रुपये ४० पैसे. अख्ख्या बिलात बरोबर आलेली ही एकच ओळ. शर्ट ओला आला, ते सोडा.

बिलावर जीएसटी नंबर शोधू नका. महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होणारा, पंधरा अक्षरी असतो. माझ्या बिलावर तो नव्हताच.

आता मुकाट्याने ऐक रे बाबा. नंबर नसेल तर तुला एक पैसासुद्धा जीएसटी घेता येत नाही, पाच नाही नि अठराही नाही. नंबर असेल तर बिलावर छाप, आणि घेतलेला कर सरकारात भर. तुझ्या कॉम्प्युटरला खोली आणि दिवस यातला फरक कळत नसेल तर तो बंद ठेव आणि कागदावर गुणाकार कर. सत्तर वर्षांच्या बाईला डागाळलेल्या गादीवर झोपवून वर सरकारच्या नावाने हजार रुपये काढतोस आणि 'काका' म्हणतोस? माझे १०९२ परत दे. आणि ती गादी उन्हात टाक.