शीर्षकांची शिरगणती

संक्रांतीच्या पुरवणीतील गूळपोळीच्या लेखासाठी लेखिकाबाईंनी हौसेने बरीच शीर्षके सुचवली होती. ती नियमांना धरून आहेत की नाहीत, हे प्रकाशनापूर्वी तपासण्याचे काम आमच्या कार्यालयात माझ्याकडे असते. नियम वरकरणी साधे आहेत: लांबी पंचावन्नच्या आत, ‘गूळपोळी’ हा मुख्य शब्द हवाच, आणि तेच शीर्षक पूर्वी वापरलेले नसावे.

पहिला उमेदवार होता ‘संक्रांतीची गूळपोळी तव्यावर फुटू नये म्हणून सारण कसे मळावे?’ मी शाळेत शिकल्याप्रमाणे अक्षरे मोजली. मधल्या मोकळ्या जागा आणि प्रश्नचिन्ह धरून ती 36 भरली. स्प्रेडशीटमधल्या, लांबी मोजणाऱ्या `LEN` या सूत्राने मात्र 59 सांगून शीर्षक बाद केले. संगणक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त या सगळ्यांची स्वतंत्र डोकी मोजतो. त्यामुळे आपल्याला चार अक्षरांची वाटणारी ‘संक्रांतीची’ त्याच्या लेखी 11 चिन्हांची ठरते. गंमत अशी की, गूगल आपल्या निकालांत शीर्षक छाटते ते पडद्यावरची रुंदी पाहून. ‘क्रां’मधली पाच चिन्हे तिथे एकाच अक्षराची जागा अडवतात. पण नियम म्हणजे नियम, म्हणून संक्रांतीलाच संक्रांतीच्या लेखातून वगळले आणि आकडा 47 वर आला.

‘गुळाची पोळी मऊ कशी राहते?’ हे शीर्षक मला मनापासून आवडले होते, कारण घराघरांत याच नावाने पोळी मागितली जाते. मुख्य शब्द शोधणारे `SEARCH` मात्र लिहिलेली चिन्हे जशीच्या तशी जुळवते. विभक्ती लागताच ‘गूळ’मधला दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, हे त्याला कोणी शिकवलेले नाही, त्यामुळे गुळाच्या पोळीत त्याला गूळपोळी सापडली नाही. एका शीर्षकात ‘गूळपोळ्या’ असे अनेकवचन होते, तेही गळले. सर्व कसोट्यांना उतरेल असे मराठी लिहायचे, तर पोळी कायम एकच करावी लागेल.

वेगळेपणाची कथा याच्या उलट. एकच शीर्षक दोनदा आले होते, पण एकाच्या शेवटी नजरेला न दिसणारी मोकळी जागा राहिली होती, तेवढ्यावर सारखी शीर्षके मोजणाऱ्या `COUNTIF` ने दोघांनाही अद्वितीय ठरवले. कडेची मोकळी जागा काढणारे `TRIM` लावल्यावर जुळे उघडकीस आले. `COUNTIF` प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘येथे कोणतेही एक चिन्ह चालेल’ असा घेते, म्हणून ‘गूळपोळी का फुटते?’ तपासताना ‘गूळपोळी का फुटते!’ हेही त्याने त्यातच मोजले. प्रश्नचिन्हाआधी `~` घातल्यावर ते थांबले.

अखेर 47 चिन्हांचे शीर्षक सगळ्या रकान्यांतून हिरवे होऊन बाहेर पडले. संपादकांनी ते वाचले आणि जुन्या अंकांतून गेल्या वर्षीचे ‘गूळपोळी फुटू नये म्हणून सारण कसे मळावे?’ काढून समोर ठेवले. सूत्राच्या मते ‘तव्यावर’ या एका शब्दाने दोन्ही संपूर्ण भिन्न होती. मी फोन करून लेखिकाबाईंना विषयाला थोडी वेगळी दिशा देण्याची विनंती केली.

“मग यंदा पोळी फुटू द्यायची का?” त्यांनी अत्यंत शांतपणे विचारले.