प्रतिक्रियेला उत्तर: मिलिमीटर कमी असला तरी भार कुणाच्या वाट्याला जातो?

प्रतिक्रिया: "आखूड, खोल बीममध्ये शियर डिफ्लेक्शन धरायलाच हवं, हा तुमच्या लेखातला आग्रह मला अवाजवी वाटला. आमच्या चाकणच्या कामात सायलोचा पाय दोन बीमांच्या छेदावर येतो. त्यातला आखूड बीम ३ मीटरचा आणि १ मीटर खोल आहे, दुसरा ५ मीटरचा. L/D तीन येतं, म्हणजे आयएस ४५६ प्रमाणे तो डीप बीमच नाही. साधे आधार धरून मी बेंडिंगच्या ३२ टक्के शियर काढलं. पण १००० किलोन्यूटनखाली एकूण डिफ्लेक्शन सव्वा मिलिमीटरच्या आत आहे. मग ही उठाठेव कशासाठी?" – एक वाचक, कोथरूड

उत्तर:

तुमचे ३२ टक्के बरोबर आहेत. आयताकृती काँक्रीट बीम, पॉइसन गुणोत्तर ०.२, भार मधोमध आणि आधार साधे, या स्थितीत शियर भागिले बेंडिंग हे गुणोत्तर २.८८ (h/L)² येतं. h/L एकतृतीयांश ठेवला की ०.३२. पण तुमचे बीम काँक्रीटच्या कॉलमांत एकसंध ओतलेले असणार, म्हणजे त्यांची टोकं साध्या आधारापेक्षा बद्ध टोकांच्या जास्त जवळ आहेत. तिथे हिशेब पार बदलतो.

टोकं बद्ध केली की बेंडिंगचं डिफ्लेक्शन एकचतुर्थांश होतं. शियर फोर्स मात्र तसाच राहतो: भाराच्या डावीकडे P/2, उजवीकडे P/2. शियरचं डिफ्लेक्शन फक्त त्या फोर्सवर अवलंबून असल्यामुळे ते तसूभरही कमी होत नाही.

```
δb = P L³ / (192 E I)
δs = P L / (4 G As)        As = (5/6) b h
δs / δb = 11.52 (h/L)²     (ν = 0.2)
```

म्हणजे गुणोत्तर चौपट. तुमच्या ३ मीटरच्या बीमसाठी ते १.२८ येतं. शियरचं डिफ्लेक्शन इथे बेंडिंगपेक्षा जास्त आहे. ५ मीटरच्या बीमची खोली तुम्ही लिहिलेली नाही. ती तेवढीच धरली तर त्याचं गुणोत्तर ०.४६. (बीम पोलादी आय-सेक्शनचा असता तर As साठी पूर्ण क्षेत्रफळाचे ५/६ धरून चालत नाही, वेबचंच क्षेत्रफळ घ्यावं लागतं. तिथे शियरचा वाटा आणखी वाढतो.)

आता डिफ्लेक्शनच्या मर्यादेबद्दल. ती ओलांडली जाणार नाही, यावर आपला वाद नाही. पण दोन बीम एकमेकांना छेदतात तेव्हा छेदबिंदूवर दोघांचं डिफ्लेक्शन सारखंच असावं लागतं, आणि भार ताठपणाच्या प्रमाणात वाटला जातो. दोन्ही बीमांचा छेद ३०० × १००० मिमी, काँक्रीट एम २५, टोकं बद्ध आणि भार दोघांच्याही मध्यावर असं धरू. पिळाचा वाटा सोडून देऊ.

फक्त बेंडिंग धरलं तर ताठपणाचं गुणोत्तर (5/3)³, म्हणजे ४.६३. आखूड बीमकडे ८२२ किलोन्यूटन जातात, लांब बीमकडे १७८. शियर धरलं की आखूड बीमचं डिफ्लेक्शन २.२८ पट होतं, लांब बीमचं १.४६ पट. ताठपणाचं गुणोत्तर २.९७ वर उतरतं, आणि भार ७४८ व २५२ असा वाटला जातो.

या सगळ्यात छेदबिंदू ०.१९ मिमीऐवजी ०.३८ मिमी खाली येतो. साइटवर कुणाच्या नजरेस येणार नाही इतका हा फरक. पण लांब बीमचा वाटा १७८ वरून २५२ झाला, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त वाढला. त्याच्या टोकाचा मोमेंट PL/8 ने १११ वरून १५८ किलोन्यूटन-मीटरवर गेला. बेंडिंगपुरत्या हिशेबावर त्या बीमची वरची सळई ठरवली असेल तर ती कमी पडते. आखूड बीममध्ये जास्तीची सळई असते, पण ती इथे उपयोगाला येत नाही. आणि डिफ्लेक्शन तपासून ही चूक सापडतच नाही, कारण ती भारवाटणीत दडलेली असते.

आयएस ४५६ मधली L/D ची सीमा (साध्या आधाराला २, सलग बीमला २.५) या प्रश्नासाठी आखलेलीच नाही. त्या सीमेखाली छेदातला ताण सरळ रेषेत बदलत नाही, म्हणून तिथे लिव्हर आर्म वेगळा घ्यायला सांगितलं आहे. शियर डिफ्लेक्शन त्याच्या बरंच आधी मोजण्याजोगं झालेलं असतं. बद्ध टोकांच्या बीमला L/D ५ असतानाही ते बेंडिंगच्या ४६ टक्के आहे, हे तुमच्याच लांब बीमने दाखवलं.

तुम्ही सॉफ्टवेअरवर भारवाटणी काढली असेल तर एक छोटी तपासणी आधी करा. फक्त ३ मीटरचा एकच बीम मॉडेल करा, दोन्ही टोकं बद्ध, स्वतःचं वजन शून्य, मधोमध १००० किलोन्यूटन. E = 25000 N/mm² असताना उत्तर ०.२२५ मिमी आलं तर शियर धरलेलंच नाही, ०.५१३ मिमी आलं तर धरलं आहे. सीएसआयच्या प्रोग्रॅममध्ये शियर एरिया शून्य दिला की तो प्रोग्रॅम शियरची विकृती मुकाट्याने सोडून देतो, म्हणून कुणी जुन्या फाइलवरून सेक्शन उचलला असेल तर हा आकडा आधी पाहावा.

शियर धरलेलं असूनही एक चूक राहू शकते, आणि ती मला जास्त काळजीची वाटते. आयएस १८९३ (२०१६) प्रमाणे बीमचा I ०.३५ पट केला जातो, पण शियर एरियाचा मॉडिफायर १ च राहतो. मग बेंडिंगचा ताठपणा कमी होतो, शियरचा होत नाही, आणि आखूड बीमचं गुणोत्तर १.२८ वरून ०.४५ वर येतं. लांब बीमचा वाटा २१ टक्के दिसतो. प्रत्यक्षात आखूड बीममध्ये तिरकस तडे गेले की शियरचा ताठपणा बेंडिंगपेक्षाही जास्त झपाट्याने ढासळतो, म्हणजे खरी वाटणी याच्या उलट दिशेला सरकते. म्हणून मॉडेल दोनदा चालवावं: एकदा शियर एरिया पूर्ण ठेवून, एकदा तोही ०.३५ पट करून. दुसऱ्या वेळी लांब बीमचा वाटा पुन्हा २५ टक्के येतो. लांब बीमची सळई या मोठ्या आकड्यावर ठरवावी, आखूड बीमची त्याच्या स्वतःच्या मोठ्या आकड्यावर, म्हणजे पहिल्या मॉडेलवर.

एक मर्यादाही ध्यानात असू द्या. तुमचे ३ मीटर कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत असतील आणि कॉलम ६०० मिमीचे असतील, तर मोकळा गाळा २.४ मीटरच उरतो आणि गुणोत्तर २ होतं. भाराच्या दोन्ही बाजूंना जेमतेम १.२ मीटर, आणि बीमची खोली १ मीटर. इतक्या जवळ भार आणि आधार असले की तिरकस दाबाच्या पट्ट्यातून भार थेट कॉलमकडे जातो आणि वरची सूत्रं फक्त अंदाजापुरती उरतात. तिथे आखूड बीम शेल एलिमेंटने, खोलीत निदान आठ भाग करून मॉडेल करा, आणि त्यावरून मिळालेला ताठपणा भारवाटणीसाठी वापरा. त्या बीमची सळई स्ट्रट-अँड-टाय पद्धतीने काढा, आणि खालच्या सळयांचं अँकरेज कॉलमच्या आत पूर्ण बसतंय का ते ड्रॉइंगवर मोजून पाहा.