ओढलेल्या केबलनं गर्डर थकत नाही

"हायवेच्या नव्या पुलांचे गर्डर बघा. आतल्या तारा आधीच जॅक लावून जीव खाऊन ओढतात, म्हणजे गाडी यायच्या आधीच निम्मी ताकद खलास! गर्डर मधे वर वाकलेला दिसतो तो त्यामुळेच. त्यापेक्षा जाड सळया भरून साधं काँक्रीट केलं असतं तर पूल शंभर वर्षं हलला नसता. आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत या तारा गंजून एक दिवस पटकन तुटणार. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

मी कोकणात पुलांच्या साइटवर बरीच वर्षं काढली, केबल ओढताना शेजारी उभा राहिलो. म्हणून या फिरत्या मेसेजमधला एकेक मुद्दा घेतो. शेवटचा मात्र मला बराचसा मान्य आहे.

आधी ताकदीचं. बैलगाडीच्या चाकाची धाव आठवा. लोहार ती चाकापेक्षा किंचित लहान करतो, तापवून फुगवतो, चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. गार होताना धाव आवळते आणि आरे तुंब्यात दाबून बसतात. गाडीत पोतं चढायच्या आधीच ती धाव ताणलेली असते, म्हणूनच चाक खिळखिळं होत नाही.

गर्डरमधली केबल हेच काम करते. काँक्रीट दाबाला खंबीर असतं, ताणाला अगदी लेचंपेचं. एम-४५ काँक्रीट दर चौरस मिलिमीटरला ४५ न्यूटन दाब झेलतं, पण चार-साडेचार न्यूटन ताण आला की तडकतं. आता ३० मीटरचा एक गर्डर धरू, आकडे ढोबळ आहेत आणि ताण-दाबाचे सगळे दर चौरस मिलिमीटरचे. स्वतःच्या वजनानं त्याच्या तळाशी ६ न्यूटन ताण येतो, वरच्या स्लॅबनं आणखी ५, वाहनांनी ४. म्हणजे १५. नुसतं काँक्रीट यात कुठल्याकुठे फाटेल. म्हणून केबल तळाजवळून नेऊन इतक्या ओढायच्या, की तळावर आधीच १६-१७ न्यूटनचा दाब बसेल. १५ चा ताण आला तरी एक-दोन न्यूटन दाब शिल्लक राहतो, आणि दाबात असलेलं काँक्रीट तडकत नाही.

मग ट्रक आल्यावर केबलवर किती भार वाढतो? केबलच्या नळीत, म्हणजे शीथमध्ये, ग्राउट म्हणजे सिमेंट-पाण्याचं मिश्रण भरून काँक्रीटशी एकजीव झालेली केबल काँक्रीट ताणेल तेवढीच ताणते. पोलाद काँक्रीटच्या साधारण सहापट ताठ असतं, म्हणून काँक्रीटमध्ये ४ न्यूटनचा फरक पडला तर केबलमध्ये २४ चा पडतो. सगळ्या घटी जाऊन केबलमध्ये कायम राहिलेला ताण ११०० च्या आसपास असतो. म्हणजे तो ११२४ होतो, आणि केबल तुटते १८६० ला. आयुष्यातला सगळ्यात मोठा ओढा तिनं जॅकच्या वेळी, १३९५ च्या आसपास, सोसलेला असतो. रोजची रहदारी तिला जाणवतही नाही म्हणा ना.

जाड सळयांबद्दल. सळई ताणली गेल्याशिवाय काम करत नाही आणि खरी अडचण तिथेच आहे. मीटरमागे एक अष्टमांश मिलिमीटर ताणलं की काँक्रीट तडकतं. तेवढ्या ताणात सळईनं जेमतेम २५ न्यूटन उचललेले असतात. तिच्याकडून २०० चं काम घ्यायचं तर मीटरमागे १ मिलिमीटर ताणावी लागते, म्हणजे भोवतीचं काँक्रीट तडकणार हे गृहीतच. दोन खांबांमधल्या लहान गाळ्यात त्या केसासारख्या भेगा चालतात. पण ३० मीटरला सळयांचा गर्डर इतका जाड नि जड होतो की त्याची बरीच ताकद स्वतःलाच पेलण्यात जाते. आणि खाडीवर त्याच भेगांतून खारं पाणी आत जातं.

बरं, सळयाच ओढून ठेवल्या तर? ते करून झालं आणि फसलं. काँक्रीट सुकताना आकसतं आणि सततच्या दाबाखाली वर्षानुवर्षं हळूहळू आखूड होत जातं, दोन्ही मिळून मीटरमागे पाऊण ते एक मिलिमीटर. साधी सळई ओढून ओढून ताणली होती एकच मिलिमीटर. काही वर्षांत ओढ संपली. उच्च ताणाची तार मात्र मीटरमागे ७ मिलिमीटर ताणते. त्यातला एक गेला तरी सहा उरतात. फ्रेंच इंजिनिअर फ्रेसिने यानं हे ओळखलं आणि १९२८ मध्ये पेटंट घेतलं. त्याआधी त्याच्याच एका पुलाची कमान काँक्रीट दबत गेल्यामुळे खाली बसली होती, तिथून तो या विचाराला लागला.

गर्डर वर वाकलेला दिसतो तो बिघाड नव्हे. केबल तळाजवळून गेलेली असते, त्यामुळे ओढल्यावर तळ आखूड होतो आणि मधला भाग साच्यावरून उचलला जातो. वर स्लॅब ओतला की तो बराचसा खाली येतो. उलट केबल ओढूनही गर्डर उचलला नाही, तर मला काळजी वाटेल.

केबल खरंच ओढली गेली का, हे कळतं कसं? थोडा दाब देऊन ढिलाई काढायची, केबलमधल्या तारांच्या पिळावर, म्हणजे स्ट्रँडवर, रंगाची खूण करायची आणि पुढे ती किती बाहेर येते ते पट्टीनं मोजायचं. ३० मीटरला हिशेबानं २१४ मिलिमीटर, शीथमधलं घर्षण धरून २०० च्या आसपास. पंपाच्या गेजवरचा दाब आणि ही लांबी पाच टक्क्यांच्या आत जुळली पाहिजे. तेव्हा जॅकच्या मागे कुणी उभं राहायचं नाही; स्ट्रँड धरून ठेवणारी पाचर, म्हणजे वेज, सुटली तर स्ट्रँड बंदुकीच्या गोळीसारखी येते. एकदा आमच्याकडे गेज पूर्ण दाब दाखवत होता आणि लांबी १६० वरच थांबली. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटरची सुई शीथला लागून भोक पडलं होतं, आत सिमेंटचं पाणी शिरून केबल मधेच धरली गेली होती. गेजवर भरवसा ठेवून पुढे गेलो असतो, तर गर्डरचा पलीकडचा भाग अर्धवट ओढलेलाच राहिला असता.

आता गंजाचं. ही भीती खरी आहे. ५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला, त्यात केबलचा गंज हे कारण होतं. सात तारांच्या स्ट्रँडमधली एक तार चारेक मिलिमीटर जाडीची असते. ३२ मिलिमीटरच्या सळईला एक मिलिमीटरचा खड्डा पडला तर फारसं बिघडत नाही, या तारेला तो जीवघेणा. शिवाय ताणाखालची गंजलेली तार पूर्वसूचना न देता तुटते.

पण बाहेरची खारी हवा धड भरलेल्या शीथमधल्या तारेपर्यंत पोचत नाही. पोचते ती ग्राउट अर्धवट असलेल्या जागी. ग्राउट पातळ केलं की सिमेंट खाली बसतं, वर पाणी सुटतं आणि केबलच्या सगळ्यात उंच टोकाशी, ती जिथे अडकवतात त्या अँकरजवळ, पोकळी राहते. म्हणून पाणी सिमेंटच्या ०.४५ पट याहून जास्त घालायचं नाही, आणि शीथमधली हवा निघून जायच्या व्हेंटमधून ग्राउट आत ढकललं तेवढंच घट्ट बाहेर आल्याशिवाय बूच मारायचं नाही. ओढलेली केबल ग्राउटशिवाय पावसाळाभर ठेवणं तर गुन्हाच म्हणेन मी; शीथमध्ये पाणी साठतं आणि पूल खुला होण्याआधीच गंज धरतो.

तुमच्या गावच्या पुलाखालून होडी जात असेल तर वर बघा. गर्डरच्या टोकाला अँकरच्या ठिगळाभोवती तांबूस डाग किंवा पांढरे ओघळ आहेत का, केबलच्या वळणाला धरून लांबट भेग गेलीय का, पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी एखाद्या जागेतून पाणी ठिबकतंय का. असं काही दिसलं तर फोटो, तारीख आणि कुठल्या खांबापासून कितवा गर्डर एवढं लिहून बांधकाम विभागाकडे लेखी द्या आणि पोच घ्या.