नकलेचा अर्ज: निकालपत्र वेगळं मागा, रोजनामा वेगळा मागा

दाव्याचा निकाल विरोधात गेला की पक्षकार आधी वकील बदलायचा विचार करतो, मग अपिलाच्या खर्चाचा, मग नातेवाइकांशी बोलणं. नकलेचा अर्ज राहतो मागे. कोणीतरी एक छापील फॉर्म आणतो, त्यावर 'निकालपत्र, हुकूमनामा व संपूर्ण रोजनामा मिळावा' अशी एक ओळ लिहून खिडकीत देतो आणि काम झालं असं समजतो. हुकूमनामा म्हणजे निकालपत्रावरून तयार होणारा अंतिम आदेशाचा औपचारिक कागद, आणि रोजनामा म्हणजे दाव्याच्या प्रत्येक तारखेला काय झालं याची न्यायालयाने ठेवलेली नोंद. माझं स्पष्ट मत आहे की ही एक ओळ धोक्याची आहे. अपिलाची मुदत या अर्जाच्या तारखेवर आणि त्यातल्या शब्दांवर मोजली जाते, आणि पुढे वाद झाला तर न्यायाधीशांसमोर हाच कागद येतो.

महाराष्ट्रातल्या तालुका न्यायालयातला दिवाणी दावा घेऊन सांगतो, कारण माझं रोजचं काम तिथलं आहे.

कनिष्ठ स्तर न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस असतात. मुदत कायदा, 1963 च्या कलम 12 प्रमाणे निकालाचा दिवस यात धरत नाहीत आणि नक्कल मिळवायला लागलेला आवश्यक वेळही वगळतात. पण कुठल्या नकलेचा? ज्यावर अपील आहे त्या हुकूमनाम्याच्या किंवा आदेशाच्या नकलेचा, आणि त्याच्या निकालपत्राच्या नकलेचा. रोजनामा या कलमात नाही. जबाब, पंचनामे, दाखल केलेले दस्तऐवज, यांपैकी काहीच नाही. म्हणून सगळं एका अर्जात कोंबलं की घोळ सुरू होतो.

तारखा घालून बघू. समजा निकाल 10 मार्च 2025 ला लागला. 11 मार्च हा पहिला दिवस, तेव्हा तिसावा दिवस येतो 9 एप्रिलला. पक्षकाराने 11 मार्चलाच अर्ज दिला आणि निकालपत्राची नक्कल 24 मार्चला तयार झाली. दोन्ही दिवस धरून हे 14 दिवस झाले. ते वगळले की शेवटची तारीख 23 एप्रिल. नक्कल 24 मार्चला हातात आली म्हणजे अपील लिहायला पूर्ण 30 दिवस मिळाले.

आता हाच अर्ज 2 एप्रिलला दिला असता, आणि नकलेला तेवढेच 14 दिवस लागले असते, तर नक्कल 15 एप्रिलला मिळाली असती. शेवटची तारीख तीच, 23 एप्रिल. पण हातात उरले 8 दिवस. एवढ्यात नवा वकील फाईल वाचणार, मुद्दे काढणार, स्थगितीचा अर्ज आणि शपथपत्र तयार करणार. आणि अर्ज 11 एप्रिलला दिला असता तर? मुदत 9 एप्रिललाच संपली होती. संपलेल्या मुदतीतून वगळायला काही शिल्लकच नसतं. मग विलंब माफीचा अर्ज, प्रत्येक दिवसाचं कारण, समोरच्याचं म्हणणं, आणि तोवर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचं प्रकरण, पुढे सरकलेली. माझ्या समोर अशी माणसं बसलेली असतात, त्यांची जमीन त्या कागदावर असते, आणि त्यांना कोणी हे वेळेवर सांगितलेलं नसतं. याचा मला मनापासून त्रास होतो, म्हणून एवढं लांब लिहितोय.

आता त्या 'संपूर्ण रोजनाम्या'कडे. दावा 2018 चा असेल तर रोजनाम्याची पानं भरपूर असतात. सगळं एकाच अर्जात असल्यामुळे नक्कल विभाग सगळं एकत्र तयार करतो आणि एकत्र देतो. समजा त्याला 9 एप्रिल उजाडला. नकलेच्या शेवटच्या पानावर शिक्का पडतो: अर्जाची तारीख 11 मार्च, तयार झाल्याची 9 एप्रिल. पक्षकार समजतो की आपले 30 दिवस वगळले गेले आणि 9 मेपर्यंत सवड आहे. अपिलात समोरचा वकील उभा राहून म्हणतो, निकालपत्र काही पानांचं होतं, उशीर रोजनाम्यामुळे झाला, आणि रोजनाम्याचा वेळ कलम 12 मध्ये बसत नाही. तो हा मुद्दा जिंकेल की हरेल ते त्या न्यायालयावर आहे. पण हा वाद अंगावर घ्यायचाच कशाला? दोन अर्ज द्या. एक निकालपत्र आणि हुकूमनाम्याचा, दुसरा रोजनाम्याचा आणि आदेशांचा.

हुकूमनाम्याबद्दलही एक गैरसमज पक्का बसलाय. लोक हुकूमनामा तयार होईपर्यंत थांबतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 20 नियम 6-अ मध्ये स्वच्छ लिहिलंय की हुकूमनामा शक्य तितक्या लवकर आणि 15 दिवसांच्या आत तयार करावा, आणि त्याच्या नकलेशिवायही अपील दाखल करता येतं. अपिलाला जोडायची ती निकालपत्राची नक्कल. शिवाय कलम 12 च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की अर्ज देण्याआधी हुकूमनामा तयार करायला न्यायालयाला लागलेला वेळ वगळला जाणार नाही. म्हणजे 'अजून हुकूमनामा झाला नाही' म्हणून अर्ज थांबवणाऱ्याचे दिवस त्याच्याच खात्यातून जातात. अर्ज आधी द्या, हुकूमनामा होईल तेव्हा होईल.

रोजनामा मग मागायचा कशाला? तर अपिलातले कितीतरी मुद्दे तिथे सापडतात. कोणत्या तारखेला कोण हजर होतं, कोणत्या दिवशी एकतर्फीचा हुकूम झाला, उलटतपास नाही म्हणून पुरावा कधी बंद केला, हे निकालपत्रात एका वाक्यात उरकलेलं असतं. 'पुरेशी संधी देऊनही वादीने साक्षीदार तपासला नाही' असं निकालपत्र म्हणतं. रोजनामा बघितला की कळतं की त्यातल्या निम्म्या तारखांना न्यायाधीश रजेवर होते किंवा समन्सची बजावणी परत आली नव्हती.

पण आपल्याकडच्या रोजनाम्यात बहुतेक वेळा पूर्ण आदेश नसतो. तिथे एवढीच नोंद असते: 'नि. 38 वर आदेश. अर्ज नामंजूर.' कारणं त्या अर्जाच्या कागदावरच लिहिलेली असतात. तेव्हा नुसता रोजनामा घेऊन घरी गेलात तर अर्ज का फेटाळला ते कळणार नाही. अर्जात निशाणी क्रमांक देऊन 'नि. 38 वरील अर्ज व त्याखालील आदेश' असंच मागावं लागतं. संहितेच्या कलम 105 प्रमाणे मधल्या आदेशातल्या ज्या चुकीचा निकालावर परिणाम झाला, ती अंतिम अपिलात मुद्दा म्हणून घेता येते. म्हणून हे कागद हवेत. कोणते ते ठरवायला ई-कोर्ट्सच्या साईटवर आपल्या प्रकरणाच्या तारखा उघडून बघा. प्रत्येक तारखेची थोडक्यात नोंद दिसते. तिथून डाऊनलोड केलेला निकाल वाचायला आणि वकिलाला दाखवायला चांगला, पण ती सही-शिक्क्याची नक्कल नव्हे.

छापील फॉर्ममध्ये एवढं लिहायला जागा नसते. म्हणून फॉर्मसोबत एक पत्र जोडावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. मी लिहून देतो ते साधारण असं असतं:

प्रति,
मा. सहायक अधीक्षक, नक्कल विभाग,
दिवाणी न्यायालय, कनिष्ठ स्तर, ........

विषय : नियमित दिवाणी दावा क्र. 112/2018 मधील सही-शिक्क्याच्या नकला मिळणेबाबत.

महोदय,
वरील दाव्याचा निकाल मा. सह दिवाणी न्यायाधीश यांनी दि. 10/03/2025 रोजी दिला आहे. मी या दाव्यातील मूळ वादी आहे. दाव्याचा सीएनआर क्रमांक ........ असा आहे. मला या निकालावर अपील करावयाचे आहे. सोबत दोन स्वतंत्र अर्ज जोडले आहेत.

अर्ज पहिला, तातडीचा : दि. 10/03/2025 चे निकालपत्र आणि हुकूमनामा. हुकूमनामा तयार नसल्यास निकालपत्राची नक्कल आधी द्यावी व हुकूमनाम्यासाठी हाच अर्ज प्रलंबित ठेवावा.

अर्ज दुसरा : मुद्दे काढल्याच्या तारखेपासून दि. 10/03/2025 पर्यंतचा रोजनामा, तसेच नि. 38 व नि. 45 वरील अर्ज व त्याखालील आदेश.

लागणारे नक्कल शुल्क मी भरण्यास तयार आहे. रक्कम ठरताच खालील मोबाईल क्रमांकावर कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक, तारीख)

याची दुसरी प्रत जवळ ठेवा आणि आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही तिच्यावर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कोर्ट फी तिकीट किती आणि पानामागे शुल्क किती, हे तिथल्या फलकावर बघूनच भरा. दर बदलतात.

अर्ज दिल्यावरही काम संपत नाही. 'आवश्यक वेळ' म्हणजे कार्यालयाला लागलेला वेळ. तुम्ही घालवलेला त्यात येत नाही. शुल्काची रक्कम सांगितल्यावर आठवडाभर भरली नाही तर तो आठवडा तुमचा. नक्कल 24 मार्चला तयार होती आणि तुम्ही 7 एप्रिलला घ्यायला गेलात तर मधले 14 दिवस वगळले जात नाहीत. कार्यालयाकडून फोन येईलच असं धरून बसू नका, स्वतः जाऊन विचारा.

मोफत प्रत मिळेल म्हणून थांबणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. 2021 मध्ये दिवाळखोरी संहितेखालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्याने नकलेसाठी अर्जच केला नाही, त्याला मोफत प्रतीची वाट पाहत होतो म्हणून वेळ वगळून मागता येणार नाही. कायदा वेगळा होता, पण कलम 12 चा आधार घ्यायचा तर आधी अर्ज करायला हवा, हा धडा तालुका न्यायालयातही तितकाच लागू पडतो असं मला वाटतं.

फौजदारीत आरोपीला कैदेची शिक्षा झाली तर निकालपत्राची एक प्रत लगेच आणि मोफत द्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 404 तसं सांगतं. दिवाणी पक्षकाराने त्या ऐकीव माहितीवर जाऊ नये.

नक्कल हातात आली की खिडकीसमोरच शेवटचं पान उलटून बघा. अर्ज केल्याची तारीख, तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख, अधिकाऱ्याची सही आणि न्यायालयाचा शिक्का, एवढं सगळं असायला हवं. तुमच्या आवक शिक्क्याच्या प्रतीवर 11 मार्च असेल आणि नकलेवर 13 मार्च पडलं असेल, तर तिथल्या तिथे दाखवून दुरुस्त करून घ्या. अपील दाखल झाल्यावर ही दुरुस्ती करायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख.