चुनाभट्टी आणि संगमरवर: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "चुनखडक उष्णतेने आणि दाबाने संगमरवर होतो, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या घरी दोन पिढ्या चुनाभट्टी होती. दगड तापवला की चुना होतो, संगमरवर झालेला आम्ही कधी पाहिला नाही. शिवाय दाबाने थर पडतात म्हणता, मग शिस्ट खडकाला पापुद्रे सुटतात आणि संगमरवराला का नाहीत? पुस्तकातलं वाक्य न तपासता उतरवलंय."

उत्तर:

काका, तुमची हरकत रास्त आहे. माझं वाक्य अर्धवट होतं.

भट्टीत काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे: 100 किलो शुद्ध चुनखडक भाजला तर हाती साधारण 56 किलो कळीचा चुना येतो. उरलेले 44 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. दगडाचा चुना होतो तो हा वायू निघून गेल्यामुळे. तो जायला वाट मिळाली नाही तर काय होईल, हे एडिंबरोच्या जेम्स हॉल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला करून पाहिलं. त्यांनी खडूची पूड बंदुकीच्या नळीत घट्ट बंद करून तापवली. कितीतरी नळ्या फुटल्या. पण ज्या टिकल्या, त्यांतल्या काहींत चुन्याऐवजी संगमरवरासारखा स्फटिकी, टणक दगड निघाला.

जमिनीखाली ही नळी म्हणजे वरचा खडकच. 20 किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा भार हवेच्या दाबाच्या सुमारे 5,000 पट असतो. आणि तिथली उष्णता तुमच्या भट्टीपेक्षा कमीच असते. भट्टीला 900 अंशांच्या आसपास जावं लागतं, संगमरवर मात्र 400 ते 700 अंशांतही तयार होतो, कारण तिथे लाखो वर्षं हाताशी असतात. त्या काळात दगड वितळत नाही. घन अवस्थेतच कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडकातल्या मुख्य खनिजाचे, बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होत जातात. शिंपल्यांच्या खुणा पुसल्या जातात आणि साखरेच्या खड्यांसारखे चमकणारे दाणे उरतात. संगमरवर फोडून ताज्या तुकड्यावर भिंग धरलंत तर हे दाणे दिसतील.

एका ठिकाणी मात्र तुमचा मुद्दा जमिनीखालीही खरा ठरतो. चुनखडकात वाळू मिसळलेली असेल, तर पुरेशा तापमानाला तिच्यातली सिलिका आणि कॅल्साइट यांच्यात क्रिया होते, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि वोलॅस्टोनाइट हे पांढरं, तंतुमय खनिज तयार होतं. वायूला खडकातून वाट मिळेल तितकी ही क्रिया पुढे सरकते. राजस्थानात बेलका पहाडजवळ त्याची खाण आहे. म्हणजे मळक्या चुनखडकाचा शुद्ध संगमरवर होतोच असं नाही.

आता पापुद्र्यांचं. यासाठी लांब जायला नको, नागपूर जिल्ह्यात रामटेक-मनसरच्या बाजूला जावं. तिथल्या सौसर गटाच्या खडकांत अभ्रकाचा शिस्ट आणि संगमरवर एकाच पट्ट्यात सापडतात. दोघांनी एकाच डोंगरबांधणीची उष्णता आणि दाब सोसला. फरक मूळ मालात होता: एकीकडे चिखल, दुसरीकडे चुनखडक. चिखलातल्या मातीच्या खनिजांपासून अभ्रक बनतं आणि अभ्रकाचे कण पानासारखे चपटे असतात. एका दिशेने जोर लागला की ती पानं त्या जोराला आडवी वाढतात आणि वळतात. मग खडक त्याच बाजूने सुटतो. कॅल्साइटचे दाणे सगळीकडून साधारण सारखेच, त्यामुळे शुद्ध संगमरवरात पापुद्रा धरायला काही नसतं. अशुद्ध संगमरवरात अभ्रकाच्या रेषा आल्या की तोही त्या रेषेवर फुटतो. कारागीर अशा दगडावर छिन्नी जपून चालवतात ते म्हणूनच. तेव्हा दाबाने थर पडतात हे माझं विधानही सैल होतं. जोर एका दिशेने हवा, आणि त्याला प्रतिसाद देणारी चपटी खनिजं हवीत.

उष्णता आणखी वाढली की अभ्रक कमी होत जातं, फेल्डस्पार वाढतो, फिकट आणि गडद खनिजं वेगळाल्या पट्ट्यांत जमतात. तो नाइस नावाचा खडक. या पट्ट्यांना मूळ गाळाचे थर समजू नका. बरेचदा ते नंतर घडलेले असतात, आणि नाइस ग्रॅनाइटपासूनही बनतो. पाणी असेल तर साधारण 650 ते 700 अंशांना खडकाचा काही भाग खरोखर वितळू लागतो. रूपांतराची हद्द तिथे संपत येते.

लेखातलं वाक्य मी आज बदललं आहे. आता ते असं आहे: "खोल गाडलेला चुनखडक, त्यातला वायू बाहेर पडू न शकल्याने, न वितळता पुन्हा स्फटिकी होतो, तोच संगमरवर." तुमच्या घरच्या भट्टीत कच्चा राहिलेला दगड, म्हणजे आतून न भाजलेला, कसा ओळखायचे, ते सवडीने लिहा. मला ते खरंच हवं आहे.